सल्ला कोणाचा, निर्णय कोणाचा? सल्लागार मंडळाच्या इतिवृत्ताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांमध्ये आता बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावून सल्लागार मंडळ बसवायची पद्धत रुळली आहे. विद्यापीठातून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ, निर्यातीतली मंडळी, बँकेतले जुने अधिकारी असे लोक तीन-चार महिन्यांतून एकदा येतात, युनिट बघतात, चार गोष्टी सांगतात. बैठक बहुधा उत्तम होते आणि घोळ होतो तो नंतर, ती कागदावर उतरताना. अशी इतिवृत्तं लिहिणाऱ्यांना आणि त्यांवर सही करणाऱ्यांना जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: वेंगुर्ले-सावंतवाडी पट्ट्यातली, दिवसाला ५०० किलो काजू बी फोडणारी एक काल्पनिक कंपनी. त्यातले दर आणि रकमाही उदाहरणापुरत्याच धरल्या आहेत.

संचालक मंडळाचं इतिवृत्त लिहितो तसंच हे लिहिलं तर काय बिघडतं?

संचालक मंडळ ठराव करतं. सल्लागार मंडळाला ठराव करायचा अधिकारच नसतो. त्याला मतदान नाही, सूचक-अनुमोदक नाही, गणपूर्तीचा कायदेशीर अर्थही नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ मध्ये संचालक मंडळ, त्याच्या समित्या आणि सर्वसाधारण सभा यांच्या इतिवृत्ताचे नियम आहेत आणि तसं ठेवलेलं इतिवृत्त पुरावा म्हणून धरलं जातं. तुम्ही आपखुशीने बसवलेलं सल्लागार मंडळ यात कुठेच येत नाही.

तरीही आपण जुनाच साचा उचलतो. मग कागदावर येतं: ‘विषय क्र. ३ वर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की…’ कोणी ठरवलं? त्या खोलीत तीन बाहेरचे तज्ज्ञ, दोन संचालक, सीईओ आणि हिशेबनीस होते. ‘सर्वानुमते’ मध्ये हिशेबनीसही आला का?

मराठीची इथे एक खास अडचण आहे. ‘ठरले’, ‘करण्यात यावे’, ‘निश्चित करण्यात आले’ या क्रियापदांना कर्ता लागतच नाही आणि आपली सगळी सरकारी-सहकारी लेखनशैली या बिनकर्त्याच्या वाक्यांवर पोसलेली आहे. सोसायटीच्या सभेत ते चालून जातं, कारण सभा म्हणजेच कर्ता. सल्लागारांच्या बैठकीत मात्र सांगणारे वेगळे आणि ठरवणारे वेगळे. तिथे कर्ता गाळला की नेमकी हवी असलेली माहितीच गळते.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

बैठक २० मेची. विषय असा की, पावसाआधी किती काजू बी घेऊन ठेवायची. वर्षाला २४० दिवस काम धरलं तर कंपनीला १२० टन बी लागते. गोदामात ४५ टन आहे, म्हणजे तूट ७५ टनांची. दर किलोला १४० रुपये धरला तर एक कोटी पाच लाख रुपये लागणार. बँकेच्या कॅश क्रेडिटमध्ये ६० लाख वापरायचे शिल्लक आहेत. कोरडं, लाकडी फळ्यांवर पोती रचता येतील असं गोदाम एकूण ७५ टनांचं, त्यामुळे जागा उरली ३० टनांची.

निर्यातीत आयुष्य घालवलेल्या मॅडम म्हणाल्या की, सगळी ७५ टन १० जूनच्या आत घ्या. स्थानिक बी संपली की बाजारात येते ती मिसळलेली, कधी गेल्या वर्षीची. त्या बीतून पांढरा, अख्खा गर कमी निघतो आणि तुकडा जास्त.

प्रक्रिया तंत्रज्ञान शिकवलेले सर म्हणाले की, किती घेता त्यापेक्षा कशी घेता ते बघा. बीतली ओल नऊ टक्क्यांच्या आसपास आली नसेल तर पोत्यात भरू नका. दोन-तीन कडक उन्हं द्यायला हवीत. सुकलेली बी हलवली की आत गर खुळखुळतो, पण एवढ्यावर विसंबू नका, ओल मोजायचं यंत्र लावा. ओली बी जूनमध्ये थप्पीला लावलीत तर ऑगस्टमध्ये बुरशी आणि काळपट गर हातात येईल.

बँकेतून निवृत्त झालेले तिसरे सल्लागार म्हणाले की, मर्यादा पूर्ण वापरू नका, निदान २० लाख मजुरीला आणि सभासदांच्या देण्याला मोकळे ठेवा. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर आधीची ४५ टन संपायला साडेतीन महिने, मग ही ७५ टन फुटायला सहा महिने. म्हणजे ही बी सरासरी साडेसहा महिने पडून राहणार. एक कोटी पाच लाखांवर ११ टक्क्यांनी त्याचं व्याज सव्वासहा लाखांच्या घरात, किलोमागे आठ रुपयांहून थोडं जास्त. ‘पुढे दर आठ-दहा रुपयांनी चढणार याची खात्री असेल तरच सगळी घ्या.’

तिन्ही सल्ले चांगले आहेत आणि ते एकमेकांत बसत नाहीत. सीईओला संचालक मंडळाने एका हंगामी खरेदीसाठी ४० लाखांपर्यंतचा अधिकार दिलेला होता. त्याने दुसऱ्या दिवशी, २१ मेला, निर्णय घेतला: ५ जूनपर्यंत २८ टन घ्यायची, खर्च ३९ लाख २० हजार. २० लाख मोकळे राहतात, गोदामात मावते आणि अधिकाराच्या आतही बसते. उरलेल्या ४७ टनांचा विषय संचालक मंडळापुढे ठेवला.

या बैठकीचं मूळ इतिवृत्त मात्र असं होतं:

> ‘काजू बी खरेदीबाबत तज्ज्ञांनी मौलिक मार्गदर्शन केले. पावसाळ्यापूर्वी ७५ टन खरेदी करण्याचे व ओलावा तपासण्याचे सर्वानुमते ठरले.’

ऑक्टोबरात कोणी सभासद हा कागद घेऊन आला आणि विचारलं, ‘७५ टन ठरले होते, २८ च का घेतले?’, तर उत्तर काय देणार? उलट समजा ७५ टन घेतले, त्यातले ४५ टन पडवीत ठेवावे लागले आणि भिजले. मग ‘तज्ज्ञांनीच सांगितलं होतं’ म्हणायला हाच कागद पुढे येईल. ओलीबद्दल सरांनी जे बजावलं होतं त्याचं ‘ओलावा तपासण्याचे’ एवढंच उरलं, आणि बँकवाल्या काकांचा हिशेब तर गायबच झाला.

मग लिहायचं कसं?

दोन भाग आणि मधे एक रेघ. रेघेच्या वर फक्त सल्ला, खाली फक्त व्यवस्थापनाचं म्हणणं. वरच्या भागातल्या प्रत्येक वाक्याला कर्ता हवा आणि तो माणूस असावा.

> भाग अ: सल्लागारांनी दिलेला सल्ला
> अ-१. निर्यात सल्लागारांचे मत: तुटीची पूर्ण ७५ टन बी १० जूनपूर्वी घ्यावी. कारण: नंतर मिळणाऱ्या बीत मिसळ असते व अख्खा गर कमी निघतो.
> अ-२. प्रक्रिया सल्लागारांचे मत: ओल सुमारे ९ टक्के झाल्याशिवाय बी साठवू नये. दर पोत्याची नव्हे, पण दर गाडीची यंत्राने तपासणी व्हावी.
> अ-३. वित्त सल्लागारांचे मत: कॅश क्रेडिटमधील किमान २० लाख वापरू नयेत. ७५ टन साठ्यावर अंदाजे सव्वासहा लाख व्याज धरावे.
> अ-१ व अ-३ यांत मतभेद आहे. तो बैठकीत मिटवण्यात आला नाही.
>
> भाग ब: व्यवस्थापनाची कार्यवाही
> ब-१. (अ-१ व अ-३ संदर्भात) सीईओंनी २१ मे रोजी, दि. … च्या ठरावाने दिलेल्या अधिकारात, २८ टन खरेदीचा निर्णय घेतला. अ-३ स्वीकारला, अ-१ अंशतः स्वीकारला. कारण: गोदामाची शिल्लक जागा ३० टन व अ-३ मधील मर्यादा.
> ब-२. (अ-२) स्वीकारला. जबाबदारी: गोदामपाल.
> ब-३. उर्वरित ४७ टनांचा विषय संचालक मंडळाच्या पुढील सभेत ठेवला जाईल.

ब-१ मध्ये तीन गोष्टी आहेत: कोणी, कोणत्या अधिकारात आणि कधी. त्यातली तारीख महत्त्वाची. बैठक २० ची आणि निर्णय २१ चा, हे कागदावर दिसलं पाहिजे.

‘सूचना’ हा शब्द चालेल ना?

मी तो टाळतो. मराठीत ‘सूचना’ म्हणजे सुचवणं, ‘सूचना’ म्हणजे आज्ञा (‘साहेबांच्या सूचनेनुसार’) आणि सभेची नोटीस म्हणजेही ‘सूचना’. सल्लागारांच्या इतिवृत्तात ‘तज्ज्ञांच्या सूचनेनुसार कार्यवाही केली’ असं लिहिलंत तर वाचणारा त्याचा अर्थ ‘त्यांनी सांगितलं म्हणून केलं’ असाच लावतो. ‘निर्देश’ तर नकोच. ‘मार्गदर्शन’ हा निरुपद्रवी शब्द वाटतो, पण नेमकं काय सांगितलं ते तो लपवतो. ‘मौलिक मार्गदर्शन लाभले’ हे आभारप्रदर्शनात ठेवावं. ‘मत’ आणि ‘सल्ला’ पुरेसे आहेत. ‘ठरले’ हा शब्द भाग अ मध्ये दिसला की मसुदा परत पाठवायचा.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही का? कायदा खरंच इतकं बघतो?

कायदा पाहतो तो शब्दांमागचा प्रकार. पण वाद झाला की प्रकार काय होता हे शब्दांवरूनच शोधलं जातं.

कंपनी कायद्याच्या कलम २(५९) मधल्या ‘अधिकारी’च्या व्याख्येत संचालक आणि व्यवस्थापक येतातच. शिवाय ज्याच्या निर्देशांप्रमाणे किंवा आदेशांप्रमाणे वागायची संचालक मंडळाला सवय आहे अशी व्यक्तीही येते. कलम २(६०) मध्ये कसूरदार अधिकारी कोण हे सांगितलं आहे. तिथे ‘निर्देश’ आणि ‘आदेश’ यांच्या जोडीला ‘सल्ला’ हा शब्दही आहे. मात्र व्यावसायिक नात्याने मंडळाला सल्ला देणाऱ्याला त्यातून वगळलं आहे.

यातली ‘सवय’ महत्त्वाची आहे. सरांनी एकदा सल्ला दिला आणि तुम्ही तो मानला, याने ते अधिकारी होत नाहीत. पण तीन वर्षांच्या बारा बैठकांच्या बारा इतिवृत्तांत ‘तज्ज्ञांच्या सूचनेनुसार ठरले’ असेल आणि त्यामागे संचालक मंडळाने स्वतः विचार केल्याची एकही ओळ नसेल, तर त्या कागदांतून सवयच दिसते. बिचारे सर मानधनही न घेता येत असतील आणि उद्या त्यांनाच पत्र जाईल. वेगळं इतिवृत्त तज्ज्ञांचंही रक्षण करतं, हे त्यांना सांगितलं की ते स्वतःच मसुदा बारकाईने वाचायला लागतात.

दुसरी बाजू संचालकांची. कलम १६६ प्रमाणे संचालकाने योग्य काळजी घेऊन आणि स्वतंत्र निर्णयबुद्धीने काम करायचं असतं. आपल्याकडे बैठकीनंतर चहा पिताना हमखास ऐकू येतं, ‘सरांनी सांगल्यानी मा, मगे झाला!’ आदर म्हणून ठीक आहे. संचालकाचं उत्तर म्हणून नाही.

व्यवस्थापनाने निर्णय तिथल्या तिथेच घेतला तर?

होतं असं. सीईओ समोर बसलेला असतो, मुद्दा पटतो आणि तो म्हणतो, ‘हो सर, उद्यापासून यंत्र लावतो.’ हे भाग ब मध्येच लिहायचं: ‘सीईओंनी बैठकीतच स्वीकारले.’ मात्र तो विषय त्याच्या अधिकारातला आहे का, हे लिहिणाऱ्याने आधी पाहावं. ओलीच्या यंत्राचा खर्च त्याच्या हातात आहे. नवं कर्ज मात्र संचालक मंडळाच्या सभेतल्या ठरावाशिवाय होत नाही. खोलीत पाचपैकी दोन संचालक बसलेले होते आणि त्यांनी मान डोलावली, म्हणून तो मंडळाचा निर्णय होत नाही. असं झालं तर एवढंच लिहा: ‘उपस्थित संचालकांनी हा विषय संचालक मंडळापुढे ठेवण्याचे सांगितले.’

संचालक मंडळाची सभा त्याच दिवशी असेल तर मधे वेळ ठेवा, तज्ज्ञांना निरोप द्या आणि मग सभा सुरू करा. इतिवृत्तंही दोन वेगळी. एकाच वहीत, एकाच पानावर दोन्ही लिहिणं हा मी पाहिलेला सर्वांत महागात पडणारा आळस आहे.

सल्ला मानला नाही तर कारण लिहायलाच हवं का? सर दुखावतील.

कारण लिहिलं नाही तर जास्त दुखावतात. तीन महिन्यांनी परत यायचं आणि आपण सांगितलेल्याचं काय झालं तेच कळू नये, याने माणूस हळूहळू यायचं थांबवतो. वरच्या उदाहरणात मॅडमना ‘अंशतः स्वीकारला, गोदामाची जागा ३० टन’ हे वाचून काहीच वाटणार नाही. उलट पुढच्या वेळी त्या गोदामाबद्दल बोलतील. भाग ब मध्ये प्रत्येक सल्ल्यापुढे तीनपैकी एक शब्द हवा: स्वीकारला, अंशतः स्वीकारला किंवा स्वीकारला नाही. ‘विचाराधीन’ हा चौथा शब्द एका बैठकीपुरताच चालतो, दुसऱ्यांदा आला की तो ‘नाही’च समजावा.

कारण एका ओळीचं आणि वस्तुस्थितीचं असावं. ‘सल्ला व्यवहार्य नाही’ हे कारण नव्हे, तो शेरा आहे. ‘यासाठी लागणारी रक्कम शिल्लक मर्यादेपेक्षा ४५ लाखांनी जास्त’ हे कारण.

तज्ज्ञांमध्ये वाद झाला तर नावं घालायची का?

कोणाचं मत कोणतं हे कळायला हवं, नाहीतर पुढे त्याचं वजन ठरवता येत नाही. ओलीबद्दल बँकरचं मत आणि व्याजाबद्दल शास्त्रज्ञाचं मत, दोन्ही ऐकावीत, पण एकाच तराजूत घालू नयेत. नाव नको असेल तर ‘प्रक्रिया सल्लागार’ असं पद पुरतं. कोण आवाज चढवून बोललं ते लिहायचं नाही. मतभेद मात्र गुळगुळीत करायचा नाही, ‘चर्चेअंती एकमत झाले’ ही वाक्यं बहुधा खोटी असतात.

सल्लागाराचा स्वतःचा धंदा त्यात गुंतलेला असेल तर?

कोकणात हे टाळताच येत नाही. काजूतलं ज्यांना कळतं ते कुठे ना कुठे काजूच्याच धंद्यात असतात. बी खरेदीचा सल्ला देणाऱ्या मॅडमच्या घरचे बीचे व्यापारी असू शकतात. त्याने सल्ला खोटा ठरत नाही. पण बैठकीच्या सुरुवातीला विचारावं आणि भाग अ मध्ये त्यांच्या मताच्या आधी एक ओळ घालावी: ‘यांनी सांगितले की त्यांच्या कुटुंबाचा बी खरेदीचा व्यवसाय आहे.’ मग भाग ब लिहिताना सीईओने त्यांच्याकडूनच बी घेतली असेल तर इतर किती ठिकाणचे दर मागवले तेही यायला हवं.

मसुदा कोण लिहितो आणि मंजूर कोण करतं?

लिहिणारा कंपनीचाच माणूस असावा. मंजुरी मात्र भागांप्रमाणे वेगळी. भाग अ तज्ज्ञांना पाठवायचा आणि ‘तुमचं म्हणणं बरोबर उतरलं आहे का’ एवढंच विचारायचं. भाग ब त्यांना माहितीसाठी जातो, दुरुस्तीसाठी नाही. तिथे सही सीईओची किंवा अध्यक्षांची. तज्ज्ञांनी भाग ब खाली सही केली की सगळा खटाटोप फुकट गेला. त्यांची सही घ्यायचीच असेल तर ती भाग अ च्या शेवटी, रेघेच्या वर.

संचालक मंडळाच्या सभांसाठी कंपनी सचिवांच्या संस्थेचं जे मानक आहे, त्यात मसुदा १५ दिवसांत पाठवायचा आणि सदस्यांनी ७ दिवसांत अभिप्राय द्यायचा असं आहे. सल्लागार मंडळाला ते लागू नाही, आणि मेच्या शेवटी १५ दिवस म्हणजे पाऊस येऊन जातो. भाग अ तीन दिवसांत, भाग ब निर्णय झाला की लगेच, असा आमचा रिवाज आहे. ठराविक वेळेत उत्तर आलं नाही तर ‘अभिप्राय आला नाही’ असं लिहून पुढे जायचं. मौनाला संमती म्हणायचं नाही.

एखाद्याने नंतर मत बदललं तर जुनं वाक्य खोडू नका. बैठकीत जे बोलले ते तसंच राहतं, आणि खाली तारखेसह एक टीप येते: ‘२४ मे रोजी कळवले की आता ५० टनांपर्यंतच घ्यावे असे त्यांचे मत आहे.’

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिलेल्या सल्ल्याचं काय?

त्यावर पैसे खर्च झाले तर तो पुढच्या इतिवृत्तात तारखेसह घ्यावा. बाकीचं तिथेच राहू दे.

यापेक्षा त्या सरांना संचालकच केलं तर?

उत्पादक कंपनीला तशी सोय आहे. संचालक मंडळ एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक स्वीकृत करू शकतं. दहा संचालक असतील तर दोन. पण मग ते सल्लागार राहत नाहीत, संचालकाच्या सगळ्या जबाबदाऱ्या त्यांच्यावर येतात. अनेक तज्ज्ञ नेमके यासाठीच नको म्हणतात. स्वीकृत केलंत तर ते सल्लागार बैठकीत कोणत्या टोपीत बसले आहेत हे उपस्थितीच्या यादीत स्पष्ट लिहा आणि त्यांचं म्हणणं भाग अ मध्ये घालू नका.

पुढच्या बैठकीत या कागदाचा उपयोग काय?

मागचा भाग ब हाच पहिला विषय. सप्टेंबरच्या बैठकीत सीईओने सांगायचं: २८ टनांपैकी २६ मिळाली, दोन गाड्यांतली बी १२ टक्के ओलीची निघाली म्हणून उन्हात घातली, एक गाडी परत पाठवली. उरलेल्या ४७ टनांपैकी संचालक मंडळाने २० टनांना मंजुरी दिली, बाकीचं नाकारलं. हे ऐकल्यावर मॅडम म्हणतील, ‘मग डिसेंबरात काम बंद ठेवणार का?’ तो नवा सल्ला. त्याला नवा क्रमांक द्यायचा.